एक जूनला चौदा पूर्ण

मुंबईहून आलेल्या वैष्णवीला थोडी गरिबी हवी होती, आणि अण्णारावांच्या घरात ती पुरेशी निघत नव्हती.

खाली शेडमध्ये टॉवेलचे माग, वर राहायच्या तीन खोल्या, गच्चीत पाण्याची टाकी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशी घरं ओळीनं आहेत. वैष्णवी सगळीकडं फिरली, भिंतींवर बोटं वाजवून बघितली आणि शेवटी फ्रीजपाशी येऊन थांबली.

"ताई, हा जरा हलवता येईल?"

"कुटं?" रुपालीनं विचारलं.

"फ्रेमच्या बाहेर."

आठवड्याच्या सुट्टीमुळं कामगार नव्हते. रुपालीचा धाकटा भाऊ चन्नप्पा आणि कॅमेरामन, दोघांनी मिळून फ्रीज गच्चीत नेला आणि टाकीजवळच्या प्लगला लावला. तिथं तो उन्हात उभा राहून, लग्नाला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा दारातून आत बघू लागला. मग वैष्णवीनं रुपालीच्या साडीकडं बघितलं. रुपाली आत गेली आणि धुवट पातळ नेसून आली. वैष्णवीनं ते बघून मान डोलावली, कापड दुकानात तागा पसंत पडल्यावर डोलवतात तशी.

ही सगळी धावपळ 'सूरपाखरं'साठी होती. मुलांच्या गाण्याच्या त्या टीव्ही स्पर्धेचं नवं पर्व निघालं होतं आणि रुपालीची मुलगी सिद्धेश्वरी त्यात निवडली गेली होती. आधी मोबाइलवर गाण्याचा व्हिडिओ पाठवायचा. तो आवडला तर सोलापूरच्या मंगल कार्यालयातली ऑडिशन, तिथं पेटी-तबला काही नाही, नुसता गळा. मग मुंबईला परीक्षकांसमोर मेगा ऑडिशन. त्यातून सोळा पोरं उरली, त्यांत ही एक. आता गाला राउंड सुरू होणार. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त परीक्षकांचे गुण. तिसऱ्यापासून लोकांची मतं त्यात मिळवायची, आणि दर आठवड्याला सगळ्यांत कमी असेल त्यानं घरी जायचं.

"म्हणून ही एव्ही फार महत्त्वाची," वैष्णवीनं सकाळीच समजावलं होतं. एव्ही म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती घरची छोटी फिल्म. "गाणं सगळेच चांगलं गातात. मत गोष्टीला पडतं."

गोष्ट कुठली सांगायची हेसुद्धा तिनं ठरवून आणलं होतं. सिद्धेश्वरीचा मामा, म्हणजे हा चन्नप्पा, 'सूरपाखरं'च्या दुसऱ्या पर्वाचा विजेता. एके काळी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला पोरगा आज माग चालवतो, आणि भाचीला शिकवून आपलं राहिलेलं स्वप्न पुरं करतो. वैष्णवीला हे इतकं आवडलं होतं, की ते सांगताना तिचेच डोळे भरून आले.

यात एकच अडचण होती. चन्नप्पानं सिद्धेश्वरीला आजवर फक्त स्कूटी शिकवली होती, तीही वयाच्या आधी.

गाणं रुपालीनं शिकवलं होतं. रोज पहाटे, खालचे माग सुरू व्हायच्या आत. एकदा ते सुरू झाले की या घरात षड्ज आणि खोकला यांत फरक कळत नसे. रुपालीचा नवरा गुरुशांत दुधनीच्या भुसार बाजारात. त्याचा मुक्काम तिकडंच जास्त, म्हणून मायलेकी माहेरी राहायच्या. पण हे वैष्णवीला कोणी सांगितलं नाही. सांगायला गेलं असतं तर मग रुपाली कुठं गाते, का गात नाही, हे आलं असतं. मग पुण्याची ती सकाळ आली असती. त्या घरात ती सकाळ कोणी काढत नसे.

*

रुपालीचा जन्म गौरी-गणपतीच्या दिवसांतला. शाळेत मात्र एक जून. जून महिन्यात शाळा उघडते, तेव्हा पोराची वर्षं पुरी पाहिजेत. तिच्या आईला, काशम्माला, टॉवेलांच्या कडा शिवायला मोकळा हात पाहिजे होता. म्हणून अण्णारावांनी पोरीला लवकर शाळेत घातली आणि हेडमास्तरांनी अंदाजानं तारीख लिहिली. हेडमास्तरांचा अंदाज नेहमी एक जूनच यायचा. रुपालीच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी होता, आणि तोही सुट्टीत, त्यामुळं कोणाचीच चॉकलेटं कोणाला मिळाली नाहीत. अण्णाराव तेवढे हौसेनं दर एक जूनला तिला पेढे आणायचे. सरकारी वाढदिवस, म्हणायचे.

'सूरपाखरं'च्या दुसऱ्या पर्वाची ऑडिशन पुण्याला होती. रुपालीनं महिनाभर काशम्माच्या माहेरचं कानडी जोगुळ बसवलं होतं. पाळण्याचंच गाणं, पण त्यात मध्ये एक लांब मींड होती आणि ती घेताना रुपाली डोळे मिटायची. रेल्वेत हाफ तिकिटावरून कटकट नको म्हणून चन्नप्पाचा शाळेचा दाखलासुद्धा अण्णारावांनी बरोबर घेतला होता. तो अकरा वर्षांचा. त्याचं काम डबा धरायचं.

रांग पहाटेपासून. टेबलाशी टोपी घातलेली एक मुलगी दाखले बघत होती. नियम असा होता, की त्या वर्षीच्या एक जूनला चौदा पूर्ण झालेली नसावीत. तिनं रुपालीचा दाखला बघितला, बोटांवर मोजलं, परत मोजलं.

"पूर्ण होतात की. बरोबर त्याच दिवशी."

"मॅडम, ही तारीख खरी न्हाय," अण्णाराव म्हणाले. "पोरगी गणपतीतली हाय. अजून चौदा पुरी व्हायचीत."

"मग शाळेला खोटी तारीख दिलीत?"

होय म्हणावं तर आधी खोटं बोललो, नाही म्हणावं तर आत्ता. अण्णाराव तोंड उघडून तसेच उभे राहिले. मागून रांग ढकलत होती. टोपीवालीला त्यांची दया आली असावी. तिनं चिक्की खात उभ्या असलेल्या चन्नप्पाकडं बोट केलं.

"हा गातो का?"

चन्नप्पा गात नव्हता. पण महिनाभर भिंतीपलीकडून जोगुळ ऐकून त्याला ते मींडेसकट पाठ झालं होतं. रुपालीनंच त्याचा चिक्कीचा हात पुसला आणि म्हणाली, "जा. माझंच म्हण."

तो गेला. परीक्षक म्हणाले, मातीतला सूर. पुढच्या फेरीत म्हणाले, दैवी सूर. शेवटी एसएमएसची मतं सुरू झाली तेव्हा अख्खी एमआयडीसी पाळीपाळीनं मोबाइल दाबत होती. चन्नप्पा जिंकला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली आणि चौकाचौकात त्याचा फ्लेक्स लागला. दोन वर्षांनी त्याचा आवाज फुटला. तो परत जुळायला आला तेव्हा तो दुसऱ्याच कोणाचातरी होता. फ्लेक्स बरेच दिवस टिकले. एक तर शेडच्या पत्र्यावर पावसासाठी टाकला होता.

त्या वर्षापासून अण्णारावांनी एक जूनला पेढे आणणं बंद केलं.

रुपालीनं मात्र सिद्धेश्वरीच्या जन्मावेळी दवाखान्यातल्या नर्सला तारीख तीनदा लिहायला लावली होती. यंदाच्या ऑडिशनला 'पाच ते चौदा' अशी अट होती, पोरगी बारा वर्षांची. तरी ती जन्माचा दाखला, आधार, बोनाफाइड आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन गेली होती. टेबलावरचा मुलगा म्हणाला, काकू, जन्माचा दाखला पुरे. तिनं बाकीचंही बघायला लावलं. लसी बघायला लावल्या.

*

"आपल्याकडे पाचच तास आहेत," वैष्णवी म्हणाली. "लहान मुलांना त्याहून जास्त काम द्यायचं नाही, नियम आहे. मध्ये सुट्टीही द्यायची. आई-बाबांपैकी एकानं समोर बसायचं."

"मी हाय की," रुपाली म्हणाली.

"हो हो, तुम्ही बसा. फक्त फ्रेममध्ये नको."

तिला फ्रीजच्या मोकळ्या जागेत स्टूल दिलं.

कॅमेऱ्यासमोर सतरंजीवर मध्ये सिद्धेश्वरी, एका बाजूला चन्नप्पा, मागं खुर्चीवर अण्णाराव. काशम्मा देव्हाऱ्यापाशी पाय लांब करून बसली होती. तिला हलवायचं धाडस वैष्णवीनं एकदा केलं होतं.

"दादा, एक विचारू?" दिवे लागेपर्यंत वैष्णवी चन्नप्पाला म्हणाली. "दुसरं पर्व ती दात पडलेली मुलगी जिंकली होती ना? लाल फ्रॉकवाली? मी लहान होते, मी तिलाच मत दिलेलं."

"ती दुसरी आली," चन्नप्पा म्हणाला.

"पण लक्षात तीच आहे."

"हौद, खरं हाय. माझ्यापन."

काशम्मानं हे ऐकून सुस्कारा सोडला. गाण्याची स्पर्धा ती बघतच नसे. तिचा जीव दुसऱ्या चॅनलवरच्या इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेवर होता. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

"हितं पोरं रडत्यात, मायबाप रडत्यात, बक्षीस देनारा बी रडतो," ती वैष्णवीला सांगू लागली. "तितं बघ कसं. पोरगं उभं राहतं. इचारतं, शब्द कुठल्या भाषेतनं आला? अर्थ काय? वाक्यात घालून दावा. मग तळहातावर बोटानं लिहून बघतं आन् म्हणतं. चुकलं तर घंटी. टिंग. पोरगं थँक्यू म्हणतं आन् जातं. गोंधळ न्हाय."

"आज्जी, तुम्हाला कळतं स्पेलिंग?"

"मला कशाला कळाय पायजे? घंटी वाजली की चूक. न्हाय वाजली की बरोबर."

"शिवाय परत पहिल्यापासनं म्हणता येतं," सिद्धेश्वरी म्हणाली. "फक्त जे अक्षर एकदा म्हटलं ते बदलता येत नाही."

"रोलिंग," कॅमेरामन म्हणाला.

वैष्णवीनं आवाज मऊ केला. "सिद्धेश्वरी, तुला गाणं कोणी शिकवलं?"

सिद्धेश्वरीनं स्टुलाकडं बघितलं. रुपालीनं मान हलवली. मघाशी आत नेऊन तिनं पोरीला पढवून ठेवलं होतं. पोरीनं विचारलं होतं, का म्हणून? तर रुपाली म्हणाली होती, तिसऱ्या आठवड्यासाठी.

"मामांनी," सिद्धेश्वरी म्हणाली.

टिंग.

सगळ्यांनी मागं बघितलं. काशम्माच्या हातात पूजेची घंटी होती आणि चेहरा निर्विकार.

"कट. आज्जी, प्लीज."

"हात लागला."

परत रोलिंग. या वेळी वैष्णवीनं चन्नप्पाला विचारलं. तो घसा खाकरून म्हणाला, "म्हंजे, मी रोज पहाटे हिला घेऊन बसतो..."

टिंग.

"अव्वा, सुम्न कूड की," रुपाली म्हणाली.

"मी गपच हाय. घंटी बोलती."

साउंडवाल्या मुलानं हेडफोन काढून डोळे मिटले. चन्नप्पा उठून स्टुलापाशी आला आणि खाली बसून हळू म्हणाला, "अक्का, माझ्याच्यानं हुईना. तू बस तितं. मी सांगतो यांना."

"काय सांगशील?"

"जे हाय ते."

"मग त्या म्हनतील, ताई, गाऊन दावा." रुपाली पदराचा काठ सरळ करत राहिली. "चन्नू, पहाटेचं पोरीला सांगन्यापुरता आवाज निघतो. दिव्याखाली न्हाय निघायचा. तुझा एकदम फुटला, लोकांनी बघितलं. माझा कुठं गेला कुनाला म्हाईत बी न्हाय. जा, म्हन. माझंच म्हन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे शब्द आपण आधी एकदा म्हटले आहेत. चन्नप्पाच्याही लक्षात आलं. तो चिक्की चिकटल्यासारखा हात पँटला पुसत जागेवर जाऊन बसला.

तिसऱ्या वेळी त्यानं सगळं नीट सांगितलं. पहाट, रियाज, राहिलेलं स्वप्न. काशम्माची घंटी सिद्धेश्वरीनं आधीच मांडीखाली घेतली होती. वैष्णवी खूश झाली. एक माग चालू करून चन्नप्पाला त्याच्यापुढं उभा केला, भाचीचा हात त्याच्या हातात दिला. मागाच्या आवाजात काय गातात ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण चित्र चांगलं आलं.

*

जेवणं झाल्यावर अण्णाराव तेवढे उरले.

"आजोबांचं छोटंसं," वैष्णवी म्हणाली. "दादा सांगत होते, तुम्हाला सगळ्या पर्वांचे विजेते पाठ आहेत. ते म्हणा. आणि दुसऱ्या पर्वाला आलात की थोडं थांबा, दादांच्या खांद्यावर हात ठेवा आणि नाव घ्या. मी तिथं म्युझिक टाकणार आहे."

हे अण्णाराव वर्षानुवर्षं करत आलेच होते. पाहुणा आला, बँकेचा माणूस आला, सुताचा व्यापारी आला, की विजेते व्हायचेच. कोण कुठलं, अंतिम फेरीत काय गायलं, पुढं काय झालं, सगळं. ज्यांना त्यांच्या गावानं विसरून टाकलं होतं ती पोरं अण्णारावांना मात्र आठवत होती. दुसऱ्या पर्वापाशी ते दर वेळी थांबायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, आमचा चन्नू. तेवढ्यात रुपाली चहा टाकायला उठायची. तेही ठरून गेलं होतं.

आज उठायला जागा नव्हती. दारात दिव्याचं स्टँड होतं.

"रोलिंग."

"पैलं पर्व," अण्णाराव कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "करकंबचा अभिमन्यू. आंधळ्या आज्ज्याचं बोट धरून आलता. जिंकला. आता पुन्यात गाड्यांचा विमा विकतो, पन सांगतो कुनाला न्हाय." मग ते थांबले. चन्नप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी सांगितल्याप्रमाणं. "दुसरं पर्व, रुपाली."

मग वैष्णवी हसली.

"आजोबा, गडबड झाली. दादांचं नाव. पुन्हा घेऊ."

"घ्या की."

"रोलिंग."

"पैलं पर्व, करकंबचा अभिमन्यू. दुसरं पर्व, रुपाली अण्णाराव."

"कट. आजोबा, चन्नप्पा. चन्नप्पा म्हणायचंय."

"तिसरं ऋतुजा," अण्णाराव पुढं म्हणत राहिले, "ती आता दातांची डॉक्टर हाय. चौथं माउली. अंतिम फेरीत ताप होता पोराला, तरी गायला. पाचवं..."

एकही नाव चुकलं नाही. वैष्णवीनं कॅमेरामनकडं बघितलं आणि खांदे उडवले. "वय झालं," ती हळूच म्हणाली. रुपालीनं ते ऐकलं. तिनं वडिलांकडं बघितलं. ते तिच्याकडं बघत नव्हते. चन्नप्पाच्या खांद्यावरचा त्यांचा हात मात्र तसाच होता. चन्नप्पानं मान खाली घातली होती, पण खांदा काढून घेतला नव्हता.

तिला उठावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, अप्पा, हे तवा म्हनायचं होतं. त्या टेबलापाशी. तोंड उघडं होतं तुमचं. एवढ्या वर्षांत तिनं हे वाक्य इतक्या वेळा मनात घोटलं होतं, की आता त्याला धारच उरली नव्हती. आणि तोंडाशी आलं ते भलतंच.

"अप्पा, पानी देऊ?"

"नको," अण्णाराव म्हणाले.

"आजोबा, शेवटचं," वैष्णवी म्हणाली. "नुसतं तेवढंच वाक्य. दुसरं पर्व..."

"दुसरं पर्व," अण्णाराव म्हणाले, "रुपाली."

वैष्णवीनं घड्याळ बघितलं. सिद्धेश्वरीचे तास संपत आले होते. "जाऊ द्या," ती म्हणाली, "हे आपण कापू. दादांच्या बाइटवर काम होईल." कॅमेरामन दिवे उतरवू लागला.

"एक मिनिट," साउंडवाला म्हणाला. "रूम टोन राहिलाय. कोणी बोलू नका, हलू नका. नुसती खोलीची शांतता घ्यायची असते. एडिटला जोडायला लागते."

सगळे होते तिथं थांबले. साउंडवाल्यानं माइकचा दांडा खोलीच्या मधोमध धरला.

खाली माग बंद होते. गच्चीतून फ्रीजची घरघर येत होती.

काशम्मानं हात पुढं केला. सिद्धेश्वरीनं मांडीखालून घंटी काढून तिच्या हातात दिली. साउंडवाल्यानं डोळ्यांनीच नको नको म्हटलं. काशम्मानं घंटी वर उचलली, अण्णारावांकडं बघितलं, मग स्टुलावर बसलेल्या लेकीकडं.

रुपाली घंटीकडं बघत राहिली.

काशम्मानं दुसऱ्या हातानं घंटीचा लोलक धरला आणि ती अलगद देव्हाऱ्यात ठेवून दिली.